मूलतत्त्वविचार (करिअरनिवडीच्या संदर्भात)

एखाद्या समजुतीचे तुकडे करत जाऊन, स्वतः तपासता येतील अशा विधानांपर्यंत पोहोचायचे आणि निर्णय तिथून पुन्हा उभारायचा, या पद्धतीला मूलतत्त्वविचार म्हणतात. ज्ञानाची सुरुवात अशा विधानांपासून होते की जी दुसऱ्या कशावरून सिद्ध करावी लागत नाहीत, अशी मांडणी ॲरिस्टॉटलने केली. देकार्तने १६३७ मधील आपल्या पद्धतीविषयक ग्रंथात, स्पष्टपणे खरे दिसल्याशिवाय काहीही स्वीकारायचे नाही आणि अडचणीचे शक्य तितके भाग पाडायचे, असे नियम घालून दिले. करिअरच्या बाबतीत आपण सहसा याच्या उलट वागतो. मामांनी केले, त्यांचे भले झाले, म्हणून आपणही करावे. हा साम्यावरून काढलेला निष्कर्ष असतो. मामांच्या काळची परिस्थिती टिकून असेल तर तो बरोबर येतो, बदलली असेल तर फसतो.

उदाहरणादाखल, लातूरजवळच्या गावातली २२ वर्षांची कृषी पदवीधर घेऊ. लातूरच्या एका बियाणे कंपनीत तिला महिना १८,००० रुपयांची नोकरी मिळते आहे. घरचे म्हणतात, “पुण्याला जा, एमपीएससी कर. सरकारी नोकरी म्हणजे आयुष्याची ददात मिटली.” हे बोलणाऱ्या काकांनी १९८६ मध्ये राज्य शासनाच्या सेवेत प्रवेश केला आणि आज ते निवृत्तिवेतन घेतात.

‘ददात मिटली’ म्हणजे नेमके काय, हे आधी काकांनाच विचारावे. उत्तरात बहुधा तीन गोष्टी निघतात: पगार थांबत नाही, म्हातारपणी पेन्शन असते आणि गावात मान मिळतो. पहिली आजही बऱ्याच अंशी खरी आहे. मान हा ज्याच्या-त्याच्या किमतीचा प्रश्न आहे, हिशेबात तो तिनेच धरायचा. दुसरीवर मात्र थांबायला हवे. काकांना मिळणारे निवृत्तिवेतन जुन्या योजनेतले आहे. त्यासाठी त्यांच्या पगारातून वर्गणी कापली गेली नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांना अंशदायी योजना लागू झाली. तीत दरमहा वर्गणी जाते आणि शेवटी मिळणारी रक्कम गुंतवणुकीच्या परताव्यावर ठरते. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना एकीकृत योजनेचा पर्याय दिला, पण तीतही वर्गणी आहे आणि पूर्ण लाभासाठी २५ वर्षांची सेवा लागते. राज्याचा चालू नियम शासन निर्णय काढून वाचावा, काकांच्या पासबुकावरून ठरवू नये.

आणखी एक गृहीतक या वाक्यात न बोलता बसलेले आहे. सुरक्षितता पदाला असते, परीक्षेच्या तयारीला नसते. तयारीचा खर्च वेगळा मांडावा लागतो. कॉट बेसिसवरची जागा, खानावळ, अभ्यासिका आणि किरकोळ मिळून महिना १०,००० रुपये धरले, तर तीन वर्षांचे ३ लाख ६० हजार होतात. सोडलेला पगार ६ लाख ४८ हजार. घरी राहिली तरी जेवण लागतेच, तेवढे वजा केले तरी आकडा १० लाखांच्या जवळ राहतो. घरच्यांच्या हिशेबात बहुतेक वेळा फक्त पहिली रक्कम असते.

शक्यतेचा अंदाज घेणे अधिक अवघड. तुलनेसाठी, केंद्रीय नागरी सेवा परीक्षा, २०२३ मध्ये पूर्वपरीक्षेला सुमारे ५ लाख ९२ हजार उमेदवार बसले आणि १,०१६ जणांची शिफारस झाली, म्हणजे साधारण ५८० मध्ये एक. पण हे गुणोत्तर कोणा एकाची शक्यता सांगत नाही, कारण बसणाऱ्यांत नुसता अर्ज भरून आलेलेही असतात. स्वतःपुरता खरा पुरावा म्हणजे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे आणि आपले गुण त्या वर्षीच्या कटऑफशी ताडून पाहणे. हे गावात राहून, नोकरी करतही करता येते.

आता निर्णय पुन्हा उभारायचा. तिला हवे आहे ते नियमित उत्पन्न, म्हातारपणाची तरतूद आणि घराजवळचे काम. नोकरी धरून वर्षभर सकाळी अभ्यास करायचा, गुण कटऑफच्या जवळ आले तर साठवलेल्या पैशांवर पुण्याला जायचे, हा एक मार्ग निघतो. कृषी विभागातील पदांची भरती हा दुसरा. पुण्याला गेल्यास किती प्रयत्नांनंतर परतायचे, हे जाण्यापूर्वीच लिहून ठेवावे. अभ्यासिकेत चौथे वर्ष उजाडल्यावर तो आकडा हमखास वाढतो, कारण घातलेली वर्षे वाया जाऊ नयेत असे वाटू लागते.

पद्धतीला मर्यादा आहेत. प्रत्येक समजूत खोदत बसायला आयुष्य पुरत नाही, म्हणून जिच्यावर वर्षे आणि लाखो रुपये खर्च होणार तेवढीच निवडावी. शिवाय वडीलधाऱ्यांच्या आग्रहात कधी न बोललेले ज्ञानही असते. पाऊस दगा देतो त्या वर्षी बियाण्यांचा खप पडतो आणि कंपनी माणसे कमी करते, हे काकांनी पाहिलेले असू शकते. म्हणून समजूत मोडण्यापूर्वी ती कोणत्या अनुभवातून आली ते विचारावे. सर्वांत मोठा धोका उलट्या बाजूचा आहे: अभ्यासाचा कंटाळा आलेला माणूस आधी उत्तर ठरवतो आणि मग त्याला सोयीची ‘मूलतत्त्वे’ शोधतो. ते ओळखण्याची खूण म्हणजे, कोणता आकडा समोर आला तर मत बदलेल, असे विचारल्यावर त्याला एकही सांगता येत नाही.