अनोळखी माणसाची वीस मिनिटं

आपल्याच क्षेत्रातल्या, पण कधी न भेटलेल्या माणसाला चार ओळी लिहून वीस मिनिटं मागायची, या प्रकाराचा अभ्यास करू पाहणाऱ्यानं मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या 1973 च्या निबंधापासून सुरुवात करावी. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्यांकडे त्यांनी चौकशी केली. ज्यांना ओळखीतून काम मिळालं, त्यांच्यापैकी सुमारे 17 टक्केच त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत असत. बाकीच्यांची गाठभेट अधूनमधून किंवा क्वचितच व्हायची. कारण साधं आहे: जवळच्यांना ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं.

पण ग्रॅनोव्हेटर यांच्या अभ्यासातली ओळख कितीही पातळ असली तरी ओळखच होती. इथे तीही नाही. रोघानिझाद आणि बोन्स या संशोधकांनी 2017 मध्ये अनोळखी लोकांना एकच विनंती समोरासमोर आणि ईमेलनं करवून पाहिली. समोरासमोर होकार कितीतरी पट जास्त आले, मागणाऱ्यांना मात्र दोन्हींत फारसा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. आपला हेतू सरळ आहे हे आपल्याला माहीत असतं, पण वाचणाऱ्याला ते दिसायचं कुठून?

ते दिसावं म्हणून मजकुरात पडताळता येईल असं काहीतरी लागतं. उदाहरणादाखल हा एक संदेश पाहा:

‘नमस्कार. मी चाकणला गिअरबॉक्सच्या गुणवत्ता तपासणीत सहा वर्षं काम करतो. तुम्ही याच कामातून बॅटरी पॅककडे वळलात, हे तुमच्या प्रोफाइलवर वाचलं. मलाही तिकडे यायचं आहे. आधी सेलच्या चाचण्या शिकाव्यात की पॅकच्या गळतीच्या, हे विचारायचं होतं. पुढच्या आठवड्यात फोनवर वीस मिनिटं मिळतील का? जमत नसेल तर एका ओळीचं उत्तरही पुरेल.’

वाचणाऱ्याला यात ठरवायचं फारसं उरत नाही. कोण, मीच का, काय विचारणार, किती वेळ, सगळं समोर आहे. याउलट ‘सर, तुमचा प्रवास प्रेरणादायी आहे, थोडं मार्गदर्शन हवं होतं’ हे कुणालाही पाठवता येतं, आणि पाठवलं जातंही. विषय कोणता, वेळ किती, हे शोधायचं ओझं मग समोरच्यावर पडतं, नि उत्तर उद्यावर जातं. बायोडेटा जोडला की आणखी बिघडतं: प्रश्नाच्या आडून नोकरीच मागतोय, असा अर्थ निघतो. उत्तर आलं नाही तर आठवड्याभरानं एकदा आठवण करून द्यावी, दुसऱ्यांदा नको.

फोन जुळलाच, तर विसाव्या मिनिटाला वेळ संपल्याचं आपणच सांगावं आणि ‘या विषयावर आणखी कुणाशी बोलू?’ असं विचारावं. नाव मिळालं, तर पुढचा संदेश ‘अमुक यांनी तुमचं नाव सुचवलं’ असा सुरू करता येतो, आणि तो मग पुरता अनोळखी माणसाचा राहत नाही.