निदेश नेमका कोणाचा?

केंद्र सरकारच्या एखाद्या मंत्रालयातून आलेलं हिंदी पत्र उघडलं की पहिलं वाक्य बहुधा हे असतं : ‘मुझे यह कहने का निदेश हुआ है कि...’ खाली सही असते अवर सचिवाची. सांगणारा मात्र दुसराच कोणी आहे, आणि तो वाक्यात कुठेच सापडत नाही. पत्राऐवजी कार्यालय ज्ञापन असेल, तर ‘मुझे’सुद्धा गळतो आणि तिथे ‘अधोहस्ताक्षरी को’ येऊन बसतो. सही करणारा स्वतःविषयी तिऱ्हाइतासारखा बोलू लागतो.

ही लपाछपी हिंदीची नाही. तिचा माग कलकत्त्याला, कंपनी सरकारच्या कचेरीपर्यंत जातो. 1773 च्या कायद्याने गव्हर्नर जनरल नेमला, पण त्याच्या शेजारी चार सदस्यांचं कौन्सिलही बसवलं. निर्णय बहुमताने व्हायचा. पहिला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज सुरुवातीची काही वर्षं स्वतःच वरचेवर अल्पमतात असायचा. मग हुकूम सोडायचा कोणाच्या नावाने? तो हेस्टिंग्जचा नव्हता, विरोधी सदस्यांचा नव्हता आणि पत्र लिहिणाऱ्या सेक्रेटरीचा तर नव्हताच. तेव्हा सेक्रेटरी लिहायचा की कौन्सिलसह गव्हर्नर जनरलच्या आज्ञेवरून मला असं कळवायचं आहे. त्या काळात हे वाक्य अक्षरशः खरं होतं. सेक्रेटरी खरोखरच निरोप्या होता.

1861 नंतर ते तितकंसं खरं राहिलं नाही. लॉर्ड कॅनिंगने कौन्सिलच्या सदस्यांना खाती वाटून दिली. नेहमीच्या कामाचा निर्णय त्या-त्या खात्याचा सदस्य एकटाच घेऊ लागला, कौन्सिलपुढे जायची ती मोठी प्रकरणं. आदेश मात्र संपूर्ण कौन्सिलच्याच नावाने निघत राहिले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हीच रचना पुढे चालवली. अनुच्छेद 77 प्रमाणे केंद्राची प्रत्येक कार्यकारी कृती राष्ट्रपतींच्या नावाने होते. फायलीवर निर्णय सहसचिवाचा असेल, नाव राष्ट्रपतींचं आणि सही अवर सचिवाची. तेव्हा कर्ता न सांगणारं वाक्य ही बाबूंची चलाखी आहे, असं म्हणणं अर्धवट आहे. कर्ता तीन ठिकाणी विभागला गेला, तर व्याकरण तरी काय करणार?

14 सप्टेंबर 1949 ला हिंदी राजभाषा ठरली आणि हे इंग्रजी वाक्य हिंदीत आणायची वेळ आली. शब्दशः गेलं तर ‘मैं निदेशित हूँ’ असं काहीतरी अवघड होतं. अनुवादकांनी ती वाट घेतली नाही. त्यांनी ‘मुझे... हुआ है’ ही हिंदीची जुनी ठेवण उचलली, ‘मुझे बुखार हुआ है’ म्हणताना वापरतात तीच. उत्तर हिंदुस्थानातल्या कोर्टकचेऱ्यांत 1837 नंतर फारसी मागे पडून हिंदुस्तानी आली, तेव्हाही ‘हुक्म हुआ’ असंच बोललं जायचं. ‘हुक्म’ जाऊन ‘निदेश’ आला, ‘हुआ’ जागेवरच राहिला. माझ्या मते सरकारी हिंदीतलं हे सर्वांत यशस्वी भाषांतर आहे, कारण ते भाषांतर वाटतच नाही.

परिपत्राची गोष्ट थोडी वेगळी आहे. पत्र बाहेर जातं, परिपत्र घरातच फिरतं. त्याला ‘महोदय’ नाही, ‘भवदीय’ नाही. वर संख्या आणि तारीख, मध्यभागी ‘परिपत्र’, मग विषय, मजकूर, सही-पदनाम आणि शेवटी कोणाकोणाला पाठवलं ते. ‘निदेश हुआ है’ची इथे सहसा गरज पडत नाही, कारण बोलणारं कार्यालय समोरच असतं. इथे सगळा भार ‘जाना’ या क्रियापदावर पडतो. नमुना म्हणून वेळेवर येण्याविषयीचं परिपत्र घेऊ :

‘यह देखा गया है कि कुछ कर्मचारी निर्धारित समय पर कार्यालय नहीं पहुँच रहे हैं। अतः सभी कर्मचारियों को निदेश दिया जाता है कि वे प्रातः 9.00 बजे तक अपनी उपस्थिति दर्ज करें। विलंब से आने वालों का विवरण प्रत्येक सोमवार को प्रशासन अनुभाग को भेजा जाए। यह सक्षम प्राधिकारी के अनुमोदन से जारी किया जाता है।’

‘जाना’ची तीन रूपं इथे तीन कामं करताहेत. ‘देखा गया है’ म्हणजे झालेली गोष्ट. ‘दिया जाता है’ म्हणजे हे वाक्य लिहिण्यानेच घडणारी गोष्ट, त्याआधी निदेश नव्हता. ‘भेजा जाए’ म्हणजे अजून व्हायची गोष्ट, खरा हुकूम हाच. ही रूपं इकडची तिकडे झाली की परिपत्र लुळं पडतं. ‘निदेश दिए गए हैं’ लिहिलं, तर अनुभागातला कारकून आधीचं परिपत्र शोधत बसेल. ‘भेजा जाता है’ लिहिलं, तर ते चालू रिवाजाचं वर्णन झालं, आणि सोमवारी कोणीही काहीही पाठवलं नाही तरी त्याने परिपत्राचा भंग केला असं म्हणता येणार नाही.

दुसरी ठेच प्रत्ययाची. ‘कर्मचारियों को सूचित किया जाता है’ असं थेट कर्मालाच ‘को’ लागलं की क्रियापद पुल्लिंगी एकवचनीच राहतं, कर्मचारी कितीही असोत आणि त्या सगळ्या बायका असोत. कर्माला ‘को’ नसेल तर ते त्या नामामागे जातं : ‘अनुमति दी जाती है’, ‘आवेदन आमंत्रित किए जाते हैं’. कर्ता सांगायचाच झाला तर ‘द्वारा’. तिथे चुकून ‘से’ आला की अर्थ फिरतो. ‘कर्मचारियों से यह कार्य नहीं किया जाएगा’ ही मनाई राहत नाही, त्यांना ते काम जमणार नाही असा दाखला होतो.

मराठी माणसाचा सापळा आणखी निराळा. आपलं परिपत्रक ‘कळविण्यात येते’, ‘करण्यात यावे’ असं ‘येणे’वर चालतं आणि हिंदी परिपत्र ‘जाना’वर. मुंबईतल्या केंद्रीय कार्यालयांत घाईघाईने केलेल्या मसुद्यात मग ‘सूचित करने में आता है’ अवतरतं. आपल्याला ते शुद्ध वाटतं आणि हिंदी अधिकारी लाल शाई काढतो. तरी या हिंदीच्या घडणीत मराठी हात कमी नाहीत. परिपत्रात अनेक नावांआधी येणारा ‘सर्वश्री’ हा शब्द रूढ करण्याचं श्रेय काशीच्या ‘आज’ दैनिकाचे मराठीभाषक संपादक बाबूराव विष्णू पराडकर यांना दिलं जातं. 1955 साली नेमलेल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्ष होते बाळ गंगाधर खेर.

पुढे राजभाषा अधिनियमाच्या कलम 3(3) ने सामान्य आदेश हिंदी आणि इंग्रजीत एकाच वेळी काढणं बंधनकारक केलं. कर्मचाऱ्यांच्या गटासाठी काढलेलं परिपत्र सामान्य आदेशातच धरतात. 1976 च्या नियमांनी ही जबाबदारी थेट सही करणाऱ्यावर टाकली. म्हणजे व्याकरणाने ज्याला लपवलं, त्याला नियमाने पकडलं. पण मसुदा बहुतेक वेळा आधी इंग्रजीत तयार होतो आणि संध्याकाळ झालेली असते. अशा वेळी इंग्रजी परिपत्र एकटंच पुढे जातं आणि त्याच्या तळाशी एक ओळ टंकली जाते : ‘हिंदी पाठ बाद में भेजा जाएगा।’ कोण पाठवणार, ते अर्थातच लिहिलेलं नसतं.