समांतर डेटाबेस रचना

शेअर्ड-मेमरी रचनेत सगळे प्रोसेसर एकच मेमरी वापरतात, त्यामुळे प्रोसेसर वाढले की तिच्या वाटेवर कोंडी होते. शेअर्ड-नथिंग रचनेत प्रत्येक नोडची मेमरी आणि डिस्क वेगळी असते. तिथे खरी कसोटी डेटाच्या वाटणीची. समजा, पांढुर्णा आणि सौंसर तहसिलींच्या जमीन नोंदी एका नोडवर चाळायला ८० सेकंद लागतात. चार नोडांवर २० लागले, तर स्पीडअप ४. पण वाटणी तहसीलवार केली आणि ६० टक्के नोंदी पांढुर्ण्याच्या निघाल्या, तर दोनच नोड राबतात, ४८ सेकंद जातात आणि स्पीडअप १.६७ वर अडकतो. गाव व खाते क्रमांक यांवर हॅश केल्यास भार जवळपास सारखा पडतो. स्केलअप मोजताना नोंदी आणि नोड दोन्ही चौपट करतात: वेळ ८० सेकंदच राहिला तर स्केलअप १, १०० झाला तर ०.८.