अनुमापन वक्राचे वाचन

अनुमापन वक्र म्हणजे ब्युरेटमधून सोडलेल्या द्रावणाचे आकारमान आडव्या अक्षावर आणि शंकुपात्रातील द्रावणाचा सामू उभ्या अक्षावर घेऊन काढलेला आलेख. प्रयोगशाळेच्या टिपणात छापलेल्या अशा आलेखावरून मुख्यतः दोन गोष्टी काढायच्या असतात. पहिली म्हणजे समतुल्य बिंदू, म्हणजे मूळच्या आम्लाला पुरेल नेमकी तेवढी आम्लारी मिसळली गेली तो क्षण. दुसरी म्हणजे हा क्षण डोळ्यांना दाखवू शकेल असा दर्शक. समतुल्य बिंदू रासायनिक प्रमाणातून ठरतो. दर्शकाचा रंग बदलतो तो अंत्यबिंदू. हे दोन्ही बिंदू एकच नव्हेत. ते एकमेकांच्या किती जवळ आणता येतील, हेच वक्रावरून पाहायचे असते.

व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाचे अनुमापन हे याचे चांगले उदाहरण आहे. व्हिनेगर पाण्याने दहापट विरल करून त्यातील २५.०० मिलिलीटर पिपेटने शंकुपात्रात घेतले आणि ०.१००० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून सोडले, असे धरू. सुरुवातीचा सामू सुमारे २.९ असतो. पहिल्या ५ मिलिलीटरमध्ये तो ४.३ पर्यंत चढतो, पण पुढच्या १० मिलिलीटरमध्ये जेमतेम ०.९ ने वाढून ५.२ च्या आसपास येतो. वक्राचा हा आडवा, रेंगाळणारा भाग बफरचा आहे. तिथे ॲसेटिक आम्ल आणि त्यापासून तयार झालेले ॲसिटेट आयन दोन्ही भरपूर असतात. आलेली आम्लारी ते पचवतात आणि सामू फारसा हलत नाही. २० मिलिलीटरला सामू ६.१ होतो. त्यानंतर आम्ल संपत आलेले असल्याने एकेका थेंबाने सामू झपाट्याने चढू लागतो, आणि २१ मिलिलीटरला तो १०.५ च्या वर गेलेला असतो. पुढे वक्र पुन्हा आडवा होतो, कारण आता शंकुपात्रात केवळ जास्तीची आम्लारी साचत असते.

समतुल्य बिंदू या उभ्या चढावर आहे, हे सहज दिसते. चढावर नेमका कुठे, हे ठरवताना मात्र चुका होतात. सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे सामू ७ ची आडवी रेषा ओढून ती वक्राला जिथे छेदते तो बिंदू समतुल्य मानणे. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्यासाठी ते खरे असते. ॲसेटिक आम्लाच्या बाबतीत समतुल्य बिंदूला शंकुपात्रात सोडियम ॲसिटेटचे द्रावण उरलेले असते. ॲसिटेट आयन पाण्याकडून थोडे प्रोटॉन घेतात, हायड्रॉक्साइड आयन मोकळे होतात आणि द्रावण किंचित आम्लारिधर्मी होते. या उदाहरणात तो सामू ८.७ येतो.

छापील आलेखावर केवळ पट्टी-पेन्सिलीने काम करायचे असेल, तर चढाच्या खालच्या आणि वरच्या आडव्या भागांना एकमेकींशी समांतर अशा दोन स्पर्शिका काढतात. त्यांच्यापासून सारख्याच अंतरावर तिसरी समांतर रेषा ओढतात. ती वक्राला छेदते त्या बिंदूपासून खाली लंब टाकला की आकारमान मिळते. आलेखाचा आडवा अक्ष पन्नास मिलिलीटरपर्यंत आखून हाताच्या पंजाएवढ्या जागेत दाबलेला असेल, तर या रीतीने मिलिलीटरच्या दशांशापलीकडची अचूकता मागू नये. अशा वेळी ब्युरेट आलेखापेक्षा अधिक बारीक वाचता येते.

टिपणात नोंदींचा तक्ता दिलेला असेल तर चित्र बाजूला ठेवून आकड्यांकडे वळावे. व्हिनेगरच्या प्रयोगात चढाजवळच्या नोंदी अशा येतात:

| आकारमान (मिलिलीटर) | सामू |
|---|---|
| २०.६० | ६.६९ |
| २०.७० | ६.९३ |
| २०.८० | ७.४७ |
| २०.९० | १०.१२ |
| २१.०० | १०.५४ |

लागोपाठच्या दोन नोंदींमधील सामूच्या फरकाला आकारमानाच्या फरकाने भागले की त्या तुकड्याचा चढ मिळतो. येथे तो क्रमाने २.४, ५.४, २६.५ आणि ४.२ येतो. प्रत्येक चढ त्या तुकड्याच्या मध्याचा मानायचा, म्हणजे सर्वाधिक २६.५ हा चढ २०.८५ मिलिलीटरचा. समतुल्य बिंदू सर्वांत उभ्या जागी असतो, म्हणून एवढ्यावर थांबले तरी उत्तर वाईट नाही. अधिक नेमके हवे असल्यास चढातील बदल पाहावा. २०.८० ला तो (२६.५ − ५.४) ÷ ०.१ म्हणजे +२११ आहे, आणि २०.९० ला (४.२ − २६.५) ÷ ०.१ म्हणजे −२२३. चढ वाढायचा थांबून कमी होऊ लागतो तिथे हा बदल शून्य होतो. २११ आणि २२३ यांच्या प्रमाणात ०.१० मिलिलीटर वाटून घेतले, तर शून्य २०.८० च्या पुढे ०.०४९ वर, म्हणजे २०.८५ मिलिलीटरवर पडते.

त्यावरून विरल द्रावणाची संहती ०.१००० × २०.८५ ÷ २५.०० म्हणजे ०.०८३४ मोलर, आणि मूळ व्हिनेगरची ०.८३४ मोलर. ॲसेटिक आम्लाचे रेणुभारमान ६०.०५ असल्याने हे दर लिटरला सुमारे ५० ग्रॅम होते. म्हणजे दर १०० मिलिलीटरला ५ ग्रॅम.

उत्तर पडताळण्याची एक सोय वक्रातच असते. समतुल्य आकारमानाच्या निम्म्यावर, येथे १०.४ मिलिलीटरवर, आम्ल आणि ॲसिटेट सारख्याच प्रमाणात असतात. तिथला सामू त्या आम्लाच्या वियोजन स्थिरांकाचा ऋण लॉगॅरिथम असतो. ॲसेटिक आम्लासाठी तो २५ अंश सेल्सिअसला ४.७६ आहे. वक्र तिथे ४.७६ च्या जवळ नसेल, तर एकतर समतुल्य बिंदू चुकीचा वाचला आहे, किंवा सामूमापकाचे अंशांकन बिघडले आहे, किंवा शंकुपात्रात दुसरेच आम्ल आहे.

नोंदी किती अंतराने घेतल्या, यावर बरेच अवलंबून असते. हाच प्रयोग एकेक मिलिलीटरच्या टप्प्यांनी केला तर २० ला ६.१४ आणि २१ ला १०.५४ एवढेच हाती येते. संगणक या दोन बिंदूंना सरळ रेषेने जोडतो. त्या रेषेचा मध्य २०.५ वर दिसतो आणि उत्तर सुमारे दीड टक्क्याने चुकते. आलेख मात्र गुळगुळीत आणि सुबक दिसतो. म्हणून टिपणातील वक्रावर प्रत्यक्ष नोंदींचे ठिपके दाखवले आहेत का, हे आधी पाहावे. नुसती रेघ असेल तर चढाच्या भागात तिच्यावर भरवसा ठेवू नये.

दर्शकाची निवड वक्राच्या याच उभ्या भागावरून होते. दर्शक स्वतः एक सौम्य आम्ल किंवा आम्लारी असतो. त्याच्या दोन रूपांचे रंग वेगळे असतात, आणि एका रूपातून दुसऱ्यात जाताना सामूच्या साधारण दीड ते दोन एककांचा पट्टा लागतो. मिथिल ऑरेंजचा पट्टा ३.१ ते ४.४ आहे, ब्रोमोथायमॉल ब्लूचा ६.० ते ७.६, आणि फिनॉल्फ्थॅलिनचा सुमारे ८.३ ते १०.०. प्रत्येक पट्टा आलेखावर आडवा रंगवून घ्यावा. तो वक्राला जिथे छेदतो तिथून खाली आकारमान वाचले की तो दर्शक किती चुकवेल, हे प्रयोगाआधीच कळते.

व्हिनेगरच्या वक्रावर फिनॉल्फ्थॅलिनचा पट्टा २०.८३ मिलिलीटरला सुरू होतो आणि २०.८९ ला संपतो. ब्युरेटचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलीटरचा असतो, म्हणजे जवळपास एका थेंबातच रंग बदलतो. ब्रोमोथायमॉल ब्लूचा पट्टा २०.८१ ला संपतो. पूर्ण निळा रंग येईपर्यंत थांबल्यास हाही चालून जातो, पण बरेच जण मधल्या हिरव्या रंगावर थांबतात. तिथे सामू ६.८ च्या आसपास आणि आकारमान २०.६५ असते, म्हणजे जवळजवळ एक टक्का कमी. मिथिल ऑरेंजची गोष्टच वेगळी. त्याचा पट्टा बफरच्या आडव्या भागात पडतो. पहिल्या अर्ध्या मिलिलीटरपासून रंग हळूहळू बदलू लागतो आणि ६.३ मिलिलीटरला पूर्ण पिवळा होतो. तिथे थांबणाऱ्याच्या हिशेबात पाच टक्क्यांचे व्हिनेगर दीड टक्क्याचे ठरते. ही चूक ओळखायला आकड्यांचीही गरज नसते. रंग एका थेंबाने न पालटता कित्येक मिलिलीटर रेंगाळत बदलत असेल, तर दर्शक चुकला आहे.

तेवढ्याच संहतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल असते तर हाच मिथिल ऑरेंज निभावून गेला असता. तिथे समतुल्य बिंदूच्या ०.१ मिलिलीटर अलीकडे सामू ३.७ आणि तेवढाच पलीकडे १०.३ असतो, त्यामुळे तिन्ही दर्शकांचा पूर्ण रंग या चढावरच येतो. ॲसेटिक आम्लाचा चढ त्याच अंतरात ७.१ पासून १०.३ पर्यंतच आहे. वरचे टोक दोन्हींत सारखे, कारण तिथे फक्त जास्तीची आम्लारी बोलते. सौम्य आम्ल चढाचे खालचे टोक वर उचलते आणि दर्शकांना जागा कमी उरते.

योग्य दर्शक घेऊनही दोन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड. सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली उघडी राहिली तर त्यात कार्बोनेट तयार होते. फिनॉल्फ्थॅलिनच्या अंत्यबिंदूपर्यंत ते बायकार्बोनेटपर्यंतच पोचते, त्यामुळे आम्लारीचा काही भाग वाया जातो, ब्युरेटमधून जास्त द्रावण लागते आणि वक्राचा चढ बोथट दिसतो. गुलाबी रंग अर्ध्या मिनिटानंतर उडतो, तोही बहुधा हवेतील याच वायूमुळे. त्यामुळे तीस सेकंद टिकणारा फिकट गुलाबी रंग आला की अंत्यबिंदू मानतात. गडद गुलाबी म्हणजे आम्लारी जास्त गेली. दुसरी गोष्ट नमुन्याच्या रंगाची. माल्ट व्हिनेगरचा तपकिरी रंग फिका गुलाबी झाकून टाकतो, आणि तिथे दर्शक सोडून सामूमापकाने वक्रच काढावा लागतो. दर्शकाचे थेंबही दोन-तीनच घ्यावेत, कारण तो स्वतः थोडी आम्लारी वापरतो.

आम्ल जसजसे सौम्य होते तसा चढ आखडत जातो, आणि शेवटी कोणताच दर्शक उपयोगी पडत नाही. ०.१ मोलर बोरिक आम्लात (त्याच्या वियोजन स्थिरांकाचा ऋण लॉगॅरिथम ९.२४) समतुल्य बिंदू २५ मिलिलीटरला असेल, तर २४ ते २६ मिलिलीटर या अंतरात सामू एका एककानेही वाढत नाही. ॲसेटिक आम्लात त्याच अंतरात तो पाच एककांहून अधिक वाढतो. अशा वक्रावर पट्टा रंगवला तर तो आकारमानाच्या अक्षावर कित्येक मिलिलीटर पसरतो. बोरिक आम्लासाठी त्यावर जुना उपाय आहे. शंकुपात्रात मॅनिटॉल मिसळतात. त्याच्याशी संयोग होऊन बोरिक आम्ल बरेच तीव्र बनते, चढ पुन्हा उभा राहतो आणि फिनॉल्फ्थॅलिनने अनुमापन करता येते.