यीस्टचा रस आणि वारंवार मोकळा होणारा रेणू

१/५ १८९७ साली एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर घोटून त्यांचा रस काढला. जिवंत पेशी नसतानाही त्या रसात साखरेचे मद्य झाले. मग हे कार्य रसातील कोणता घटक करीत होता?

२/५ १९०६ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर हार्डन व विल्यम यंग यांनी हा रस जिलेटिनच्या गाळणीतून गाळला. वर उरलेला भाग एकटा साखर आंबवीना, खाली उतरलेला द्रवही आंबवीना. दोन्ही एकत्र करताच किण्वन पुन्हा सुरू झाले. द्रव उकळला तरी त्याचा गुण टिकला. अर्थात त्यात प्रथिने नव्हे, तर लहान रेणू कार्यरत होते. त्यांपैकी एक म्हणजे एनएडी.

३/५ ग्लुकोजच्या विघटनात एका टप्प्यावर एनएडी-प्लस हायड्रोजन उचलतो व एनएडीएच बनतो. पेशीत त्याचा साठा अल्प असतो. सर्व रेणू असे भारलेले राहिले, तर ग्लुकोज शिल्लक असूनही विघटन थांबते.

४/५ प्राणवायू असल्यास हा भार अखेर त्याच्याकडे जातो. तो नसताना यीस्ट पायरुव्हेटपासून ॲसिटाल्डिहाइड बनवून त्यावर हायड्रोजन सोपवते. त्यातून इथेनॉल होते. वेगाने धावणाऱ्याचे स्नायू तो थेट पायरुव्हेटवर सोपवतात. त्याचे लॅक्टेट होते. दोन्ही मार्गांनी एनएडी-प्लस मोकळा होतो.

५/५ या अखेरच्या पायरीतून स्वतंत्र ऊर्जा मिळत नाही. मात्र तिच्यामुळेच आधीच्या पायऱ्या चालू राहतात आणि प्रत्येक ग्लुकोजमागे निव्वळ २ एटीपी हाती येतात. उरलेली बहुतांश ऊर्जा मद्यात वा लॅक्टेटमध्येच राहते.