‘वान’कडून आलेला कोटी

दादरमधल्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत पडद्यावरच्या आलेखात ‘₹ 4.8 कोटी’ दिसतं, पण आतल्या रकान्यात आकडा असतो 4,75,60,000. यातल्या ₹ची कथा सर्वांना ठाऊक आहे: पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांचं रेखाटन, 15 जुलै 2010 ची मंजुरी आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये जागा. स्वल्पविरामांचीही सोय झाली. विंडोजमध्ये प्रदेश भारत निवडला की ते आपल्या पद्धतीने पडतात.

अडतं ते ‘4.8’पाशी. एक्सेलच्या साच्यात शेवटी दिलेला एक स्वल्पविराम रकमेला हजाराने भागतो आणि दोन दिले तर दहा लाखांनी. लाखाने किंवा कोटीने भागणारी खूणच नाही. त्यावर तोडगा असा:

```
"₹ "0\.0,," कोटी"
"₹ "0\.00," लाख"
```

पहिल्या साच्यात दोन स्वल्पविरामांमुळे 47.56 उरतात आणि त्यांचे पूर्णांकात 48 होतात. तिरपी रेघ लागल्यामुळे टिंब दशांशचिन्ह राहत नाही, नुसतं अक्षर बनतं. एक्सेल आपल्या समजुतीने 48 लिहितं, टिंब मध्ये येऊन बसतं आणि आपण 4.8 वाचतो. दुसऱ्या साच्यात 8,64,300 चे 8.64 लाख होतात.

ही युक्ती आली कुठून? चिनी लोक दहा हजारांना ‘वान’ म्हणतात आणि मोठ्या रकमा त्यातच मोजतात. त्यांच्याकडे `0!.0,"万"` हा साचा सर्रास चालतो. आपल्या तिरप्या रेघेचं काम तिथे उद्गारचिन्ह करतं, बाकी हाडंमांस तेच. कोणी म्हणेल, गरज सारखी म्हणून दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचलं असेल. मला ते पटत नाही. लाख-कोटींचे स्वल्पविराम विंडोजने आपल्याला आयते दिले, म्हणून आपण पूर्ण रक्कम छापून समाधानी राहिलो. चार-चार अंकांची रचना मात्र विंडोजने दिली नाही, त्यामुळे ‘वान’वाल्यांना डोकं लढवावंच लागलं. युक्ती तिकडेच जन्मली आणि एक शून्य वाढवून आपण ती लाखाला लावली, असं माझं ठाम मत आहे.

दोन्ही साचे एकत्र करताना काळजी हवी:

```
[>=9999500]"₹ "0\.0,," कोटी";[>=100000]"₹ "0\.00," लाख";"₹ "#,##0
```

पहिली अट सरळ एक कोटीची ठेवली, तर 99,99,600 ही रक्कम ‘₹ 100.00 लाख’ अशी छापली जाते. म्हणून सीमा 500 रुपयांनी खाली आणली आहे. अटी दोनच देता येतात, त्यामुळे तुटीची ऋण रक्कम कितीही मोठी असली तरी तिसऱ्या भागात जाते आणि कोटीत न येता पूर्ण छापली जाते. तुटीच्या स्तंभाला म्हणून वरचा सुटा कोटीचा साचाच द्यावा. त्यात उणेचिन्ह आपोआप पुढे लागतं.