पगडी काढता येते की नाही?

१९७८ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात सेवासिंग मंडला नावाचे एक शीख वकील आपल्या मुलाला, गुरिंदरला, एका खासगी शाळेत घालायला गेले. पार्क ग्रोव्ह हे शाळेचं नाव. मुख्याध्यापक डॉवेल ली यांनी अट घातली की मुलाने केस कापावेत आणि पगडी काढावी, कारण ती गणवेशात बसत नाही. वडिलांनी नकार दिला, मुलाला प्रवेश मिळाला नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं.

हे मुख्याध्यापक शिखांचा द्वेष करणारे नव्हते. शाळेत हिंदू, चिनी, इराणी मुलं होती आणि पाच शीख मुलंही होती, पण बिनपगडीची. पगडी दिसली की मुलांमधला धार्मिक आणि सामाजिक भेद ठळक होतो, शिवाय शाळा ख्रिस्ती परंपरेची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पोशाखावरून माणूस वाचणारे बहुतेक लोक असेच असतात. ते शिव्या देत नाहीत. कपड्याचा अर्थ तेच ठरवून मोकळे होतात, घालणाऱ्याला विचारतही नाहीत.

१९७६च्या ब्रिटिश कायद्यात वंश, वर्ण, राष्ट्रीयत्व आणि वांशिक मूळ यांवरून भेदभाव करायला बंदी होती. धर्म हा शब्द त्यात नव्हता. म्हणजे 'तुझा वंश नको' म्हणणं गुन्हा, आणि 'तुझा धर्म नको' म्हणणं चालण्यासारखं. मुख्याध्यापकांचा बचाव याच फटीतून झाला. शीख हा धर्म आहे, वंश नाही, तेव्हा हा कायदा इथे लागूच होत नाही. खालच्या कोर्टाने हे मान्य केलं. १९८२मध्ये अपील कोर्टात लॉर्ड डेनिंग यांनीही मान्य केलं.

मार्च १९८३मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला. ज्यांचा दीर्घ सामायिक इतिहास आहे आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा आहे, असा समाज 'वांशिक गट' ठरू शकतो आणि शीख तसे आहेत, असं लॉर्ड फ्रेझर यांनी म्हटलं.

या निकालातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. सगळ्यांना सारखी दिसणारी अट एखाद्या गटातल्या फारच थोड्यांना पाळता येत असेल आणि तिचं सबळ समर्थन करता येत नसेल, तर तो भेदभाव, असं कायद्यात होतं. त्यावर शाळेची बाजू अशी, की पगडी तर कुणीही काढू शकतो, हाताने उचलायची आणि बाजूला ठेवायची. न्यायाधीशांनी उत्तर दिलं की 'पाळता येणं' म्हणजे हाताने जमणं नव्हे. आपल्या समाजाच्या चालीरीती न मोडता जमतं का, हे पाहायचं. 'एवढं काय त्यात, ऑफिसपुरतं काढून ठेव की,' असं म्हणणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला दिलेलं हे उत्तर आहे.

शीख जिंकले, ज्यू आधीपासूनच संरक्षित होते. मुसलमान मात्र बाहेर राहिले. १९८८मध्ये एका मुस्लिम महिलेने ईदच्या रजेवरून तक्रार केली, तेव्हा न्यायाधिकरणाने सांगितलं की मुसलमान अनेक देशांचे, वर्णांचे आणि भाषांचे आहेत, म्हणून ते वांशिक गट नाहीत. आता एकाच कार्यालयातली दोन टेबलं डोळ्यांसमोर आणा. एकावर पगडी घातलेला शीख, दुसऱ्यावर हिजाब घातलेली बाई. साहेबाने दोघांना डोकं उघडं ठेवायला सांगितलं, तर शिखाकडे सरळ हक्क होता. बाई पाकिस्तानी कुटुंबातली असेल, तर तिला आपल्या मूळ देशाच्या आडून दाद मागावी लागे, जणू तिचा हिजाब ही पाकिस्तानची चाल आहे. आणि ती इस्लाम स्वीकारलेली गोरी इंग्रज असेल, तर तेवढीही वाट नव्हती. डिसेंबर २००३मध्ये नोकरीतल्या धार्मिक भेदभावाला बंदी घालणारे नियम आले, तेव्हा कुठे ही फट बुजली.

गंमत अशी, की मुसलमान अनेक भाषांचे असतात हे त्या न्यायाधिकरणाचं म्हणणं अगदी खरं होतं. आपण मराठी मुसलमान त्याचा पुरावाच आहोत. मी मराठीत बोलू लागलो की आजही कुणीतरी म्हणतं, 'तुम्ही मुसलमान वाटत नाही.' त्यांच्या मनात मुसलमानाचा एक ठरलेला पोशाख आणि एक ठरलेली भाषा असते. आमच्या वैविध्याची आठवण लोकांना अशा वेळी राहत नाही. तिथल्या कायद्याला मात्र ती नेमकी हक्क नाकारताना झाली.

म्हणून गुरिंदरचा खटला मला परका वाटत नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे, असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, तो पाळताना कुणाला फक्त टोपी काढावी लागते, आणि कुणाला आपलं घरदार बाहेर ठेवून आत यावं लागतं?